हॉलच्या फोटोत फ्रेम केलेलं चित्र: कोन, जाडी आणि सावली एकाच हिशेबात

प्रश्न: मी चित्रं काढतो. गिऱ्हाईक आपल्या हॉलचा फोटो पाठवतं आणि विचारतं, "हे चित्र इथे कसं दिसेल?" फोटोशॉपमध्ये चारही कोपरे ओढून मी कोन जुळवतो, पण चित्र स्टिकर चिकटवल्यासारखंच दिसतं. फ्रेमची जाडी कुठल्या बाजूला दाखवायची, किती, आणि सावली कशी टाकायची? थ्रीडी येत नाही.

उत्तर: थ्रीडी नकोच. कोन, जाडी आणि सावली ही तीन वेगवेगळी कामं समजून तुम्ही प्रत्येक नजरेच्या अंदाजाने करताय, तिथे चुकतंय. तिन्ही गोष्टी सेंटिमीटरमध्ये, सपाट भिंतीवर मांडा आणि मग ती सपाट भिंत एकदाच फोटोवर बसवा. मापं बरोबर असली की डोळ्याला खटकण्यासारखं फार काही उरत नाही.

आधी ती सपाट भिंत तयार करू. समजा, हॉलची भिंत 400 सेंटिमीटर रुंद आणि 270 उंच आहे. 1 सेंटिमीटरला 8 पिक्सेल धरले तर 3200 × 2160 पिक्सेलचा कॅनव्हास होतो. त्यावर दर 10 सेंटिमीटरला एक रेघ अशी जाळी काढा आणि मागे पांढरा रंग भरा. पांढरा रंग महत्त्वाचा आहे. लेयर अर्धी रिकामी असेल तर स्मार्ट ऑब्जेक्ट फक्त भरलेल्या भागापुरता बनतो आणि सगळी मापं सरकतात. ही लेयर हॉलच्या फोटोत आणून `Convert to Smart Object` करा, Opacity अर्ध्यावर आणा आणि `Edit > Transform > Distort` वापरून तिचे चार कोपरे भिंतीच्या चार कोपऱ्यांवर बसवा.

भिंतीचे चारही कोपरे फोटोत येतीलच असं नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला फोटो काढण्याआधीच सांगतो की भिंतीवर कागदी टेपचे चार तुकडे लावा, 200 बाय 100 सेंटिमीटरच्या आयताच्या कोपऱ्यांवर, आणि खालचे दोन जमिनीपासून किती उंच आहेत ते कळवा. टेप नसेल तर दाराची चौकट किंवा खिडकी चालते, मात्र ती त्याच भिंतीत हवी आणि तिचं माप माहीत हवं. सोफ्याच्या पाठीवरून माप काढू नका. सोफा भिंतीच्या पुढे असतो, त्यामुळे तो भिंतीच्या मानाने मोठा दिसतो आणि त्यावरून बेतलेलं चित्रही मोठं होऊन बसतं.

जाळी बसली की स्विचबोर्ड बघा. त्याच्या कडा जाळीच्या रेघांना समांतर जात असतील आणि मोजलेल्या जागीच पडत असतील तर कोन झाला. भिंतीच्या मध्यावर जाळी जुळते आणि कडेला सुटते, असं दिसलं तर दोष लेन्सचा आहे. फोनच्या सर्वांत रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत छताची कड किंचित वाकलेली असते. जाळी पुन्हापुन्हा ओढण्याआधी `Filter > Lens Correction` मधून ती कड सरळ करून घ्या. वाकलेल्या भिंतीवर सरळ जाळी कितीही ओढली तरी बसणार नाही.

आता जाडीकडे येऊ, कारण स्टिकरपणा इथूनच येतो. फ्रेमची पाठ भिंतीला टेकलेली असते, पण दर्शनी बाजू भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे असते. पुढची बाजू कॅमेऱ्याला जवळ, म्हणून किंचित मोठी दिसते. शिवाय ती मागच्या आयताच्या मध्यावरून मोठी होत नाही. ती मोठी होते एका ठरावीक बिंदूपासून, जिथे कॅमेऱ्यातून भिंतीवर सरळ काटकोनात टाकलेली रेघ टेकते. मी त्याला 'पाय' म्हणतो. कॅमेऱ्याचा पाय सापडला की जाडीचा प्रश्न सुटला.

पाय शोधायला फोटोच पुरतो. भिंतीकडे काटकोनात धावणाऱ्या सगळ्या रेघा बघा. फरशीच्या सांध्यांच्या रेघा, बाजूच्या भिंतीचं स्कर्टिंग, बाजूच्या भिंतीची छतालगतची कड. त्या वाढवत नेल्या की एकाच बिंदूत मिळतात, आणि तो बिंदूच कॅमेऱ्याचा पाय. दोन रेघा पुरतात, तिसरी खात्रीसाठी काढा. फ्रेमच्या जाडीच्या कडाही भिंतीला काटकोनातच असतात, म्हणून त्यांचाही रोख त्याच बिंदूकडे हवा. तुमच्या जुन्या कामांपैकी एखादं उघडून ही एवढी एकच रेघ तपासा, बहुतेक तिथेच चूक सापडेल.

एक उदाहरण आकड्यांनिशी करू. जाळीवर वाचलं तर पाय डाव्या कोपऱ्यापासून 90 सेंटिमीटरवर आणि जमिनीपासून 140 उंचीवर निघाला. 140 ही अर्थातच फोटो काढताना कॅमेरा होता ती उंची. कॅमेरा भिंतीपासून 320 सेंटिमीटरवर होता. फ्रेम बाहेरून 90 रुंद, 60 उंच, आणि तिची दर्शनी बाजू भिंतीपासून 3 सेंटिमीटर पुढे. तिचा मध्य 250 वर, 150 उंचीवर ठेवायचा आहे. म्हणजे डावी कड 205 वर, उजवी 295 वर, खालची कड 120 उंचीवर आणि वरची 180 वर.

पुढची बाजू किती पट मोठी दिसेल? कॅमेऱ्याचं अंतर भागिले अंतर वजा जाडी:

```
320 / (320 - 3) = 1.0095
```

म्हणजे 100.95 टक्के. डावी कड पायापासून 115 सेंटिमीटर लांब आहे, ती 1.1 सेंटिमीटर उजवीकडे सरकते. ही 1.1 सेंटिमीटरची पट्टी म्हणजे फ्रेमची डावी बाहेरची बाजू, आपल्याला दिसणारी जाडी. उजवी कड पायापासून 205 लांब आहे, ती 1.9 सेंटिमीटर उजवीकडे सरकते आणि उजवी बाजू पूर्ण झाकली जाते. वर-खाली काय होतं? पायाची उंची 140, फ्रेमच्या खालच्या आणि वरच्या कडांच्या मधली. त्यामुळे पुढची बाजू दोन्हीकडे थोडीथोडी बाहेर जाते आणि वरची-खालची जाडी दिसतच नाही. हीच फ्रेम 160 उंचीपासून सुरू झाली असती तर खालची बाजू दिसली असती. वरची बाजू दिसायची तर कॅमेरा फ्रेमच्या वरच्या कडेपेक्षा उंच हवा, आणि बैठकीच्या खोलीत असा फोटो क्वचितच कोणी काढतं.

सुरुवातीला मी प्रत्येक फ्रेमला ठोकून उजवीकडे आणि खाली जाडी देत असे, बटणावर देतात तशी. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हे चित्र भिंतीवर वाकडं लावलंय का?" कोन अचूक होता. जाडी मात्र कॅमेरा दुसऱ्याच बाजूला उभा असल्यासारखी होती.

हिशेबात कुठे नेमकं राहायचं आणि कुठे सैल, तेही सांगतो. कॅमेऱ्याचं अंतर 320 ऐवजी 290 धरलं तरी ती पट्टी 1.1 ची 1.2 होते, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण पाय चुकून फ्रेमच्या पलीकडे गेला तर जाडी विरुद्ध बाजूला जाते. म्हणून अंतर अंदाजाने धरलं तरी चालेल, पाय मात्र रेघा काढूनच ठरवा.

फोटोशॉपमध्ये हे करायला त्या स्मार्ट ऑब्जेक्टवर दोनदा क्लिक करून आत जा. पायावर दोन गाइड टाका. आपल्या उदाहरणात आडवं मोजून 720 पिक्सेल आणि वरून मोजून 1040. फ्रेमचा मागचा आयत 720 × 480 पिक्सेलचा, त्याच्या खऱ्या जागी ठेवा आणि त्यात फ्रेमच्या बाजूचा रंग भरा. त्याच जागी, त्याच मापाची दर्शनी बाजूची लेयर ठेवा, मधोमध चित्रासाठी मोकळी जागा सोडून. `Ctrl+T` दाबा, संदर्भबिंदू दिसत नसेल तर वरच्या पट्टीतल्या चौकटीत खूण करून तो चालू करा, तो ओढत नेऊन गाइडच्या छेदावर सोडा, आणि W व H दोन्हीत 100.95% लिहा. संदर्भबिंदू ओढायचाच. वरच्या पट्टीतल्या X आणि Y मध्ये आकडे लिहिले तर बिंदू जागचा हलत नाही, आख्खी लेयर सरकते. यात मी एक अख्खी दुपार घालवलेली आहे. शेवटी मागच्या आयताचा डावा वरचा कोपरा दर्शनी बाजूच्या त्याच कोपऱ्याला जोडा, खालचाही जोडा आणि मधली फट बाजूच्याच रंगाने भरा. मग जाळीची पांढरी लेयर लपवा, सेव्ह करा आणि बाहेर येऊन स्मार्ट ऑब्जेक्टची Opacity पुन्हा 100 टक्के करा.

चित्राचा कागद किंवा कॅनव्हासही फ्रेमच्या तोंडाशी नसतो, थोडा आत असतो. आपल्या फ्रेममध्ये तो 0.8 सेंटिमीटर आत आहे असं धरू, म्हणजे भिंतीपासून 2.2 पुढे. त्याला त्याच पायावरून 100.69% द्या. फ्रेमची पट्टी 4 सेंटिमीटर रुंद असेल तर आतल्या डाव्या कडेला चित्राची 0.3 सेंटिमीटर पट्टी फ्रेमखाली जाते, आणि उजवीकडे चित्र व फ्रेम यांच्यात अर्ध्या सेंटिमीटरची फट दिसते. ती फट म्हणजे उजव्या पट्टीची आतली बाजू. तिला फ्रेमचा रंग द्या. ही फट जेमतेम चार पिक्सेलची आहे, पण फ्रेम पोकळ वाटते ती तिच्यामुळेच. बाहेर डावी बाजू दिसली की आत उजवी दिसायलाच हवी. दोन्हीकडे डावीच दाखवली की डोळा गोंधळतो, का गोंधळला ते सांगता येत नाही.

सावलीचाही हिशेब हाच आहे. कॅमेऱ्याच्या जागी दिवा ठेवा. फ्रेमची पुढची कड भिंतीवर कुठे सावली टाकेल हे काढायला दिव्याचा पाय घ्या, दिव्याचं भिंतीपासूनचं अंतर घ्या आणि तीच पट काढा. छताला टांगलेला लहान बल्ब असेल तर काम एका ओळीचं. भिंतीपासून 150 सेंटिमीटरवर आणि 260 उंचीवर बल्ब असेल, तर आपल्या फ्रेमच्या खालच्या कडेची सावली 140 × 3 ÷ 147, म्हणजे जवळपास 2.9 सेंटिमीटर खाली पडेल आणि तिची कड बऱ्यापैकी रेखीव असेल.

दिवसा काढलेल्या फोटोत मात्र उजेड बहुधा खिडकीतून येतो, आणि खिडकी म्हणजे एक बिंदू नव्हे. आपल्या हॉलमध्ये डाव्या भिंतीत खिडकी आहे, चित्राच्या भिंतीपासून 60 सेंटिमीटरवर सुरू होऊन 180 वर संपणारी, 90 ते 210 उंचीपर्यंत. तिचा 180 वरचा काठ उजव्या कडेची सावली 5 सेंटिमीटर लांब टाकतो, 60 वरचा काठ 15.5 सेंटिमीटर लांब. म्हणजे फ्रेमच्या उजवीकडे पहिले 5 सेंटिमीटर पूर्ण गडद आणि पुढे विरत विरत 15.5 पर्यंत. फ्रेम फक्त 3 सेंटिमीटर जाड असूनही सावली इतकी लांब जाते, कारण उजेड भिंतीला घासत येतो. `Drop Shadow` ने हे होत नाही. तो सगळीकडे सारखाच पसरट असतो, उजेडाच्या बाजूलाही थोडा सांडतो, आणि कोन दिल्यानंतर लावला तर दूरच्या कडेलाही जवळच्या कडेइतकाच रुंद राहतो.

खरी विरणारी सावली बनवायला खिडकीचे चार उभे काप करा आणि प्रत्येक काप एक दिवा समजा. कापांचे मध्य भिंतीपासून 75, 105, 135 आणि 165 सेंटिमीटरवर येतात. चौघांचा पाय एकच, भिंतीचा डावा कोपरा, 150 उंचीवर. पटी निघतात 104.17, 102.94, 102.27 आणि 101.85 टक्के.

यासाठी वेगळी भिंत लागते, कारण सावलीची लेयर फोटोवर Multiply ने बसायला हवी आणि फ्रेमची Normal ने. `Layer > Smart Objects > New Smart Object via Copy` केलं की कोन तोच राहून आतला मजकूर स्वतंत्र होतो. साधी डुप्लिकेट केली तर एकीत केलेला बदल दुसरीतही उमटतो. ही प्रत फ्रेमच्या खाली ठेवा. तिच्या आत काळ्या पार्श्वभूमीवर फ्रेमच्या मागच्या आयताच्या चार प्रती ठेवा आणि त्या कोपऱ्यावरून प्रत्येकीला आपापली पट द्या. मग चौघींचा Blend Mode `Linear Dodge (Add)` करा आणि 75 वाल्या प्रतीला करडा 51, 105 वालीला 64, 135 वालीला 69, 165 वालीला 71 भरा. चारांची बेरीज 255 होते, म्हणजे जिथे चौघी एकमेकींवर येतात तिथे पूर्ण सावली. भिंतीजवळच्या कापाचा उजेड जास्त तिरका पडतो म्हणून त्याचा वाटा थोडा कमी धरला आहे.

चारही एकत्र करून `Motion Blur` 90 अंशात 22 पिक्सेल द्या. खिडकी उभी 120 सेंटिमीटर आहे, त्यामुळे वर-खालच्या कडा तेवढ्या विरतात. मग `Gaussian Blur` 8 पिक्सेल, चार कापांच्या पायऱ्या पुसायला. हे जे करडं चित्र तयार झालं तो मास्क. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक रंगाची लेयर घ्या आणि तिला हा मास्क लावा.

रंग कुठला? काळा तर नाहीच. त्याच भिंतीवर खिडकीच्या उजेडाची एखादी खरी सावली शोधा, दाराच्या पट्टीशेजारची, स्विचबोर्डाशेजारची. त्या सावलीचा रंग उचला, आणि तिला लागूनच असलेल्या उजळ भिंतीचाही. समजा उजळ भिंत 200, 190, 175 आणि सावली 150, 145, 140. प्रत्येक आकडा भागून 255 ने गुणा, 191, 195, 204 मिळतात. Multiply मध्ये हा रंग बरोबर तीच सावली पाडतो. निळा आकडा सर्वांत मोठा निघाला, म्हणजे सावली किंचित निळसर आहे. हा निळेपणा कुठून आला याचा विचार करायची गरज नाही, फोटोत आहे तो घ्यायचा. फक्त उचललेली सावली पुरेशी रुंद, मधोमध गडद असलेली हवी. अरुंद, विरलेल्या सावलीवरून रंग घेतला तर तुमची सावली फिकी पडेल. आणि भिंतीवर कुठेच सावली दिसत नसेल, ढगाळ दिवशी चारही बाजूंनी उजेड असेल, तर ही सगळी खटपट सोडा. फ्रेमच्या कडेने तीन-चार मिलिमीटरची मऊ काळसर रेघ पुरे. ती रेघ वरच्या उदाहरणातही लागते, खूप हलकी.

सावलीबद्दल आणखी एक गोष्ट. आपल्या फोटोत उजेडही डावीकडून येतो आणि कॅमेराही डावीकडे आहे. त्यामुळे उजवीकडच्या 5 सेंटिमीटर गडद पट्ट्यातले 1.9 फ्रेमच्या मागेच लपतात, दिसतात तीनच. सावली कमी वाटली म्हणून ती वाढवू नका. उलट कॅमेरा उजवीकडे असता तर पूर्ण पट्टा दिसला असता, शिवाय फ्रेमची उजवी, अंधारी बाजू दिसली असती.

बाजूंच्या छटांमध्ये मात्र हात आपोआप चुकतो. जाडीची बाजू म्हणजे गडद, अशी सवय असते. इथे दिसणारी डावी बाहेरची बाजू खिडकीकडे तोंड करून आहे, म्हणून ती दर्शनी बाजूपेक्षा उजळ हवी. आतली उजवी पट्टीही तशीच. आतली डावी पट्टी मात्र चित्रावर सावली टाकते. 0.8 सेंटिमीटर खोलीला ती साधारण 1.4 निघते, त्यातली 0.3 पट्टीखाली जाते, उरलेली 1.1 चित्राच्या डाव्या कडेवर दिसते. ती फ्रेमच्याच स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये चित्रावर Multiply ने काढा.

चित्राचा उजेडही जुळवावा लागतो. तुमच्या चित्राचा फोटो सपाट, भरपूर उजेडात घेतलेला असणार. त्यातला पांढरा कागद 250 च्या आसपास आणि शेजारची पांढरी भिंत 200 असेल तर चित्र स्वतःच दिव्यासारखं चमकतं. `Curves` मध्ये वरचं टोक खाली आणून कागदाचा पांढरा भिंतीच्या पांढऱ्याच्या आसपास आणा. भिंत खिडकीपासून उजवीकडे काळवंडत जात असेल तर तोच उतार चित्रावरही ग्रेडियंटने द्या. फ्रेमला काच असेल तर चित्रातला काळा थोडा वर उचला, कारण काचेवर खोलीचा उजेड पडल्यावर पूर्ण काळा कुठे उरतच नाही. शेवटी फ्रेमवर थोडा Noise टाका. फोनच्या फोटोतल्या भिंतीला दाणा असतो, आणि बिनदाण्याचं चित्र 100 टक्क्यांवर बघितलं की लगेच वेगळं निघतं.

मागे दोरी बांधून टांगलेली फ्रेम वरून थोडी पुढे झुकते. वर 4 सेंटिमीटर आणि खाली 2 अशी स्थिती असेल तर वरच्या दोन कोपऱ्यांना एक पट आणि खालच्या दोघांना दुसरी, असा `Distort` करावा लागतो. मोठ्या, जड फ्रेमसाठी मी तो करतो, लहानांसाठी नाही. आणि सोफ्याची पाठ, दिव्याची शेड किंवा झाडाचं पान फ्रेमच्या किंवा तिच्या सावलीच्या आड येत असेल तर तेवढा भाग दोन्ही स्मार्ट ऑब्जेक्टच्या मास्कमधून कापा. फक्त फ्रेम कापली आणि सावली विसरली की ती सोफ्यावर पडलेली दिसते.